SB005 मध्ये अडकलेला आयजीएसटी परतावा: कस्टम्स अधिकाऱ्याला पत्र कसे लिहावे

माल जहाजात चढला, आयजीएसटी भरला, जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी दोन्ही वेळेवर दाखल केले, तरी परताव्याचे पैसे खात्यात येत नाहीत. अशा वेळी निर्यातदार बहुधा आपल्या भागातल्या जीएसटी कार्यालयात चौकशी करतो आणि तिथून रिकाम्या हाताने परततो. त्याचे कारण परताव्याच्या रचनेत आहे. आयजीएसटी भरून केलेल्या निर्यातीसाठी वेगळा परतावा अर्ज भरायचा नसतो. सीजीएसटी नियमावलीतल्या नियम ९६ प्रमाणे शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज मानला जातो, आणि तो मंजूर करते माल जिथून निर्यात झाला तिथले कस्टम्स. आपण जीएसटीआर-१ मध्ये दिलेली माहिती जीएसटी पोर्टलवरून कस्टम्सच्या संगणकाकडे जाते आणि तिथे शिपिंग बिलाशी ताडून पाहिली जाते. दोन्ही नोंदी जुळल्या तर कोणाच्या सहीची वाट न पाहता परतावा पुढे सरकतो. जुळल्या नाहीत तर बिल तिथेच थांबते आणि त्यावर एक कोड पडतो.

म्हणून पत्र लिहायला बसण्याआधी दोन गोष्टी पक्क्या हव्यात: कोड कोणता आहे, आणि चूक नक्की कोणत्या कागदावर आहे. पत्राने सुटणाऱ्या अडचणी थोड्याच आहेत. त्यातली नेहमी भेटणारी म्हणजे SB005, अर्थात इन्व्हॉइस नंबर न जुळणे. हा लेख तिच्याविषयी आहे.

माहिती कुठे अडली आहे ते आधी पाहा

पहिली तपासणी जीएसटी पोर्टलवर. तिथे Services > Refunds मध्ये Track Status of Invoice Data to be shared with ICEGATE हा पर्याय आहे. आर्थिक वर्ष आणि महिना निवडला की कोणते इन्व्हॉइस कस्टम्सकडे गेले आणि कोणते का गेले नाहीत ते दिसते. माहिती इथूनच पुढे गेली नसेल तर कस्टम्स अधिकाऱ्यापुढे तुमचे काहीच आलेले नाही, आणि त्याला पत्र लिहून उपयोग नाही.

इथे अडण्याची नेहमीची कारणे दोन. एक, ३बी भरताना निर्यातीचा कर टेबल 3.1(b) ऐवजी 3.1(a) मध्ये दाखवला गेला. पोर्टल हे पाहते की जीएसटीआर-१ च्या टेबल 6A मधला निर्यातीचा आयजीएसटी 3.1(b) मधल्या आकड्यात बसतो का. बसला नाही तर माहिती पाठवली जात नाही. दोन, टेबल 6A मध्ये शिपिंग बिलाचा नंबर, तारीख किंवा पोर्ट कोड रिकामा राहिला. ई-इन्व्हॉइस काढणाऱ्यांकडे हे वारंवार होते. ई-इन्व्हॉइस बनतो तेव्हा शिपिंग बिल तयार झालेले नसते, त्यामुळे तो रकाना कोरा जातो आणि तोच कोरेपणा जीएसटीआर-१ मध्ये उतरतो. दोन्ही दुरुस्त्या विवरणपत्रातच करायच्या असतात.

माहिती पुढे गेली असेल तर दुसरी तपासणी आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर. लॉगिन करून आयजीएसटी व्हॅलिडेशनचा तपशील उघडला की प्रत्येक शिपिंग बिलासमोर कोड दिसतो. SB001 म्हणजे शिपिंग बिलाचा नंबर, तारीख किंवा पोर्ट कोड जीएसटीआर-१ मध्ये चुकला. इनलँड डेपोतून माल पाठवणारे बऱ्याचदा तिथे समुद्री बंदराचा कोड टाकतात, पण हवा असतो शिपिंग बिल जिथे दाखल झाले त्या डेपोचा कोड. ही दुरुस्ती जीएसटीआर-१ च्या टेबल 9A मधून होते. SB002 म्हणजे ईजीएम, अर्थात जहाजातून गेलेल्या मालाची यादी, दाखल नाही, आणि SB006 म्हणजे इनलँड डेपोतून गेलेल्या मालासाठी बंदरावरचा ईजीएम मिळालेला नाही. या दोन्हींत पाठपुरावा शिपिंग लाइनकडे किंवा तिच्या एजंटाकडे करावा लागतो. SB003 म्हणजे दोन्हीकडचे जीएसटीआयएन वेगळे आहेत. SB000 म्हणजे सगळे जुळले. SB000 असूनही पैसे आले नसतील तर बँक खाते सरकारच्या पैसे वाटप प्रणालीत, म्हणजे पीएफएमएसमध्ये, मान्य झाले आहे का ते पाहावे.

राहिला SB005.

इन्व्हॉइस नंबर का जुळत नाही

संगणक नंबर अक्षराला अक्षर लावून ताडतो. माणसाला EX/31 आणि EX/031 एकच वाटतात, संगणकाला वाटत नाहीत. पुढचे शून्य गळणे, तिरक्या रेघेच्या जागी आडवी रेघ येणे, मधे एक मोकळी जागा पडणे, एवढे SB005 ला पुरते.

मोठे कारण मात्र वेगळे आहे. बरेच निर्यातदार एकाच मालासाठी दोन इन्व्हॉइस काढतात. एक रुपयांतला कर इन्व्हॉइस, जीएसटीसाठी. दुसरा परकीय चलनातला कमर्शियल इन्व्हॉइस, ग्राहकासाठी आणि बँकेसाठी. दोन्हींची क्रमांकमाला वेगळी असते. शिवाय जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे कर इन्व्हॉइसचा क्रमांक १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही आणि त्यात अक्षरे, अंक, आडवी रेघ व तिरकी रेघ एवढेच चालते. कमर्शियल इन्व्हॉइसला असे बंधन नसल्याने त्यात देशाचे नाव, ग्राहकाचा ऑर्डर क्रमांक असे काय काय येते. सीएचएकडे, म्हणजे कस्टम्सचे काम पाहणाऱ्या एजंटाकडे, जो इन्व्हॉइस आधी पोचतो, तो नंबर शिपिंग बिलावर चढतो. कर इन्व्हॉइसचा नंबर जीएसटीआर-१ मध्ये जातो. दोन्ही कागद आपापल्या जागी खरे असतात, पण संगणकाला त्यांचे नाते माहीत नसते.

चूक कोणत्या बाजूला आहे

तीन गोष्टी शेजारी ठेवा: मूळ कर इन्व्हॉइस, जीएसटीआर-१ च्या टेबल 6A मधली त्याची ओळ, आणि शिपिंग बिलावरचा इन्व्हॉइसचा भाग.

टेबल 6A ची ओळ कर इन्व्हॉइसपेक्षा वेगळी असेल आणि शिपिंग बिल कर इन्व्हॉइसशी जुळत असेल, तर चूक विवरणपत्रात आहे. ती पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये टेबल 9A मधून दुरुस्त करा. मुदत लक्षात ठेवा. आर्थिक वर्ष संपल्यानंतरची ३० नोव्हेंबर किंवा त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरल्याची तारीख, यातली जी आधी येईल ती. या दुरुस्तीला पत्र लागत नाही.

टेबल 6A कर इन्व्हॉइसशी तंतोतंत जुळत असेल आणि शिपिंग बिलावर दुसराच नंबर असेल, तर चूक कस्टम्सच्या बाजूच्या कागदावर आहे. माल निघून ईजीएम झाल्यावर शिपिंग बिलातला इन्व्हॉइस नंबर आपण स्वतः बदलू शकत नाही. इथेच अधिकाऱ्याला पत्र लिहावे लागते.

या वळणावर एक मोह होतो: टेबल 9A मध्ये जाऊन कर इन्व्हॉइसच्या जागी कमर्शियल इन्व्हॉइसचा नंबर टाकला की कोड पुसला जाईल. असे करू नये. मग जीएसटीआर-१ मध्ये असा नंबर राहतो की ज्या नंबरचा कर इन्व्हॉइस तुमच्या वहीत नाही आणि ज्याचा ई-इन्व्हॉइसही निघालेला नाही. पुढे लेखापरीक्षणात किंवा छाननीत त्याचा खुलासा द्यावा लागतो, आणि तो हे पत्र लिहिण्यापेक्षा अवघड असतो.

अधिकाऱ्याला अधिकार कशाने मिळतो

SB005 साठी केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने परिपत्रक क्र. ०५/२०१८-कस्टम्स, दिनांक २३ फेब्रुवारी २०१८, अन्वये पर्यायी मार्ग दिला. अधिकारी दोन्ही इन्व्हॉइस हाताने तपासतो आणि संगणकातल्या खास सोयीतून त्यांचे नाते नोंदवतो. सुरुवातीला ही सोय ठरावीक तारखेपर्यंतच्या शिपिंग बिलांसाठी होती आणि ती तारीख वेळोवेळी वाढत गेली. पुढे परिपत्रक क्र. ०५/२०२१-कस्टम्स, दिनांक १७ फेब्रुवारी २०२१, ने ती कायम केली आणि तपासणीसाठी १,००० रुपये शुल्क लावले. पत्रात या दोन परिपत्रकांचा उल्लेख असावा. जुन्या नमुन्यांत मधल्या मुदतवाढीची परिपत्रके आणि २०१७ मधल्या ड्रॉबॅकच्या वाढीव दरांबद्दलचे हमीपत्र असते. ते आजच्या बिलाला लागू नाही. तसेच्या तसे उतरवले तर अधिकाऱ्याला पहिल्याच वाचनात कळते की कागद न वाचता नक्कल केली आहे.

एक उदाहरण

कोल्हापुरातला एक निर्यातदार लोखंडी कास्टिंग न्हावा शेवा बंदरातून पाठवतो. खालचे नंबर आणि रकमा समजण्यासाठी घेतल्या आहेत. कर इन्व्हॉइस EX/24-25/0031, तारीख १०-०६-२०२४, करपात्र मूल्य १२,४०,००० रुपये, १८ टक्क्यांनी आयजीएसटी २,२३,२०० रुपये. कमर्शियल इन्व्हॉइस KF-EXP-112-DE, तारीख १२-०६-२०२४. शिपिंग बिल नंबर 1234567, तारीख १४-०६-२०२४, पोर्ट कोड INNSA1. शिपिंग बिलावर सीएचएने कमर्शियल इन्व्हॉइसचा नंबर घातला. करपात्र मूल्य आणि आयजीएसटी मात्र बरोबर घातले. जून २०२४ चे जीएसटीआर-१ दिनांक ११ जुलैला आणि ३बी दिनांक २० जुलैला दाखल झाले. आयजीएसटी 3.1(b) मध्ये आहे. आइसगेटवर कोड SB005.

या प्रकरणात पहिले काम पत्राचे नाही, तक्त्याचे आहे. २०१८ च्या परिपत्रकाने दोन्ही इन्व्हॉइसची सांगड घालणारा तक्ता मागितला आहे. त्याचा नमुना परिपत्रकासोबतच्या परिशिष्टात आहे आणि त्याच रकान्यांत तो भरावा. त्याचा गाभा असा असतो:

| | कर इन्व्हॉइस | शिपिंग बिलावरील इन्व्हॉइस | प्रत्यक्ष निर्यात |
|---|---|---|---|
| नंबर | EX/24-25/0031 | KF-EXP-112-DE | EX/24-25/0031 |
| तारीख | १०-०६-२०२४ | १२-०६-२०२४ | १०-०६-२०२४ |
| करपात्र मूल्य (रु.) | १२,४०,००० | १२,४०,००० | १२,४०,००० |
| आयजीएसटी (रु.) | २,२३,२०० | २,२३,२०० | २,२३,२०० |

डोक्यावर शिपिंग बिलाचा नंबर, तारीख, पोर्ट कोड आणि जीएसटीआयएन. तळाशी निर्यातदाराची सही आणि शिक्का.

बरेच तक्ते मूल्याच्या ओळीत फसतात. कमर्शियल इन्व्हॉइस सीआयएफ असेल तर त्यात जहाजभाडे आणि विमा धरलेला असतो आणि कर इन्व्हॉइसचे मूल्य एफओबी असते. अशा वेळी कमर्शियल इन्व्हॉइसची एकूण रक्कम तक्त्यात टाकली की दोन रकान्यांत फरक दिसतो आणि अधिकारी खुलासा मागतो. तक्त्यात शिपिंग बिलावर जाहीर केलेले करपात्र मूल्य आणि आयजीएसटीच घ्यावे. भाडे-विम्याचा फरक पत्रात एका वाक्यात सांगावा.

एका कमर्शियल इन्व्हॉइसखाली दोन किंवा तीन कर इन्व्हॉइस असतील, तर प्रत्येक कर इन्व्हॉइसची स्वतंत्र ओळ लिहावी, शिपिंग बिलाच्या बाजूला तोच नंबर पुन्हा यावा, आणि खाली दोन्ही बाजूंच्या बेरजा द्याव्यात. बेरजा रुपयापर्यंत जुळल्या पाहिजेत. दोन बाजूंचा आयजीएसटी वेगळा असेल तर सामान्यतः कमी रक्कमच मंजूर होते, म्हणून फरक आधी शोधून त्याचे कारण पत्रात मांडणे फायद्याचे.

पत्राची बांधणी

हे पत्र वाचणाऱ्या अधिकाऱ्यापुढे अशी बरीच बिले असतात. त्याला तुमच्या अडचणीची कहाणी नको असते. त्याला हवे असते एवढेच: कोणते बिल, कोणता कोड, दोन नंबर एकाच मालाचे आहेत याचा पुरावा कोणता, आणि त्याने नेमके काय करायचे. म्हणून शिपिंग बिलाचा नंबर, तारीख, पोर्ट कोड आणि SB005 हे विषयाच्या ओळीतच यावेत.

मजकुराचा पहिला परिच्छेद वस्तुस्थितीचा. दुसरा चुकीचा, आणि त्यात टाळाटाळ नसावी. "तांत्रिक कारणामुळे" असे मोघम लिहिले की अधिकाऱ्याला कारण स्वतः शोधावे लागते. "शिपिंग बिल दाखल करताना कर इन्व्हॉइसच्या जागी कमर्शियल इन्व्हॉइसचा नंबर नोंदवला गेला" हे साधे वाक्य पुरते. तिसरा परिच्छेद दोन्ही इन्व्हॉइस एकाच मालाचे आहेत हे दाखवणारा: वर्णन, एचएसएन, नगसंख्या, निव्वळ वजन, कंटेनर नंबर. यातल्या निदान तीन गोष्टी दोन्ही इन्व्हॉइसवर आणि शिपिंग बिलावर सारख्या असतील तर पत्राचे काम झाले. चौथा कर भरल्याचा, पाचवा विनंतीचा.

केंद्रीय कार्यालयात पत्र बहुधा इंग्रजीतून जाते. खालचा मसुदा बांधणी नीट समजावी म्हणून मराठीत दिला आहे.

> दिनांक: ……
>
> प्रति,
> मा. सहायक / उप आयुक्त, कस्टम्स
> आयजीएसटी परतावा विभाग
> जवाहरलाल नेहरू कस्टम हाउस, न्हावा शेवा
> ता. उरण, जि. रायगड – ४००७०७
>
> विषय: शिपिंग बिल क्र. 1234567, दि. १४-०६-२०२४ (INNSA1) – SB005 मुळे थांबलेला २,२३,२०० रुपयांचा आयजीएसटी परतावा – इन्व्हॉइसची सांगड घालून मंजुरी मिळणेबाबत.
>
> संदर्भ: परिपत्रक क्र. ०५/२०१८-कस्टम्स, दि. २३-०२-२०१८ आणि क्र. ०५/२०२१-कस्टम्स, दि. १७-०२-२०२१.
>
> महोदय / महोदया,
>
> १. आमच्या संस्थेने (जीएसटीआयएन …… , आयईसी ……) वरील शिपिंग बिलाखाली लोखंडी कास्टिंगची निर्यात आयजीएसटी भरून केली आहे. माल निर्यातीस सोडण्याचा आदेश एलईओ दि. …… रोजी मिळाला असून ईजीएम क्र. …… दि. …… रोजी दाखल झाला आहे.
>
> २. शिपिंग बिल दाखल करताना कर इन्व्हॉइस क्र. EX/24-25/0031, दि. १०-०६-२०२४ याऐवजी त्याच मालाच्या कमर्शियल इन्व्हॉइसचा क्र. KF-EXP-112-DE, दि. १२-०६-२०२४ नोंदवला गेला. जीएसटीआर-१ मध्ये कर इन्व्हॉइसचाच क्रमांक आहे. त्यामुळे आइसगेटवर SB005 हा कोड दिसत आहे.
>
> ३. दोन्ही इन्व्हॉइस एकाच मालाचे आहेत. मालाचे वर्णन, एचएसएन, …… नग, …… किलो निव्वळ वजन आणि कंटेनर क्र. …… हे दोन्ही इन्व्हॉइसवर, पॅकिंग लिस्टवर आणि शिपिंग बिलावर समान आहेत. कमर्शियल इन्व्हॉइसच्या एकूण रकमेत दिसणारा फरक जहाजभाडे व विम्याचा आहे. करपात्र मूल्य (१२,४०,००० रु.) आणि आयजीएसटी (२,२३,२०० रु.) शिपिंग बिल व जीएसटीआर-१ मध्ये समान आहेत.
>
> ४. जून २०२४ च्या जीएसटीआर-३बी मध्ये टेबल 3.1(b) खाली हा कर दाखवून भरला आहे. विवरणपत्राची प्रत सोबत आहे.
>
> ५. विहित नमुन्यातील सांगड तक्ता आणि १,००० रुपये शुल्क भरल्याची पावती जोडली आहे. दोन्ही इन्व्हॉइसची तपासणी करून आयजीएसटी परतावा मंजूर करावा, ही विनंती.
>
> ६. या इन्व्हॉइसवरील आयजीएसटीचा परतावा आम्ही अन्य कोणत्याही मार्गाने मागितलेला किंवा घेतलेला नाही. जादा रक्कम मिळाल्याचे आढळल्यास ती व्याजासह परत करू.
>
> आपला / आपली,
> (अधिकृत स्वाक्षरीकर्ता – नाव, पद, शिक्का, फोन, ईमेल)
>
> सोबत: यादीप्रमाणे

सोबतचे कागद

पत्र ज्या क्रमाने बोलते त्याच क्रमाने कागद लावावेत, म्हणजे वाचणाऱ्याला मागे-पुढे उलटावे लागत नाही. आइसगेटवरच्या SB005 च्या पानाची प्रत, एलईओ झालेले शिपिंग बिल, कर इन्व्हॉइस, कमर्शियल इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, टेबल 6A चे ते पान ज्यात ही ओळ आहे, जून महिन्याचे ३बी, सांगड तक्ता आणि शुल्काची पावती. टेबल 6A मध्ये शेकडो ओळी असतील तर संपूर्ण विवरणपत्राचा गठ्ठा देऊ नये. हवे ते पान काढून ओळीवर खूण करावी. कर इन्व्हॉइस ई-इन्व्हॉइस असेल तर त्यावर ई-इन्व्हॉइसचा नोंदणी क्रमांक आयआरएन दिसतो आहे आणि पुरवठ्याचा प्रकार EXPWP, म्हणजे कर भरून निर्यात, असा आहे हे तपासून घ्यावे. तिथे EXPWOP पडले असेल तर तो कागद तुमच्याच म्हणण्याच्या विरोधात जातो.

हीच तपासणी शिपिंग बिलावरही करा. त्यावर आयजीएसटी भरल्याची नोंद हवी. तिथे एलयूटीखाली, म्हणजे कर न भरता हमीपत्रावर, निर्यात असे नोंदवले गेले असेल तर तुमची अडचण निव्वळ SB005 ची नाही. ती दुरुस्ती कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ खाली वेगळ्या अर्जाने मागावी लागते आणि ती निर्यातीच्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदांच्याच आधारावर मिळते. नंतर तयार केलेले स्पष्टीकरणपत्र त्यासाठी पुरावा ठरत नाही.

सादर करताना आणि त्यानंतर

शुल्क कोणत्या चलनाने आणि कुठे भरायचे, कागद ईमेलने द्यायचे की प्रत्यक्ष, याची पद्धत प्रत्येक कस्टम हाउसच्या पब्लिक नोटीसमध्ये दिलेली असते. ती आधी वाचावी. ईमेल केला तरी पोच असलेली एक प्रत हाती ठेवावी. सीएचए कागद घेऊन जाणार असेल तर त्याच्या नावाचे अधिकारपत्र जोडावे, पण पत्रावर सही निर्यातदाराच्या अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचीच असावी.

पत्र परत येण्याची कारणे साधी असतात. वेगवेगळ्या बंदरांवरची बिले एकाच पत्रात घातलेली असतात, पण एका बंदराचा अधिकारी दुसऱ्या बंदराचे बिल हाताळू शकत नाही. तक्त्यातली तारीख कर इन्व्हॉइसवरच्या तारखेपेक्षा एका दिवसाने वेगळी असते. दोन इन्व्हॉइसवर वजन वेगळे असते, कारण एकावर निव्वळ वजन आहे आणि दुसऱ्यावर एकूण. या तिन्ही गोष्टी पत्र पाठवण्याआधी कागदांवर बोट ठेवून तपासता येतात, आणि त्या तपासायला पत्र न लिहिणारी व्यक्ती बसवावी. लिहिणाऱ्याचा डोळा आपल्याच चुकीवरून सरकतो.

व्याजाचा मुद्दा पहिल्या पत्रात काढू नये असे आमचे मत आहे. सीजीएसटी कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे परिपूर्ण अर्जानंतर ६० दिवसांत परतावा न मिळाल्यास ६ टक्क्यांपर्यंत व्याज देय होते. पण इथे नंबर न जुळण्याची सुरुवात निर्यातदाराच्या बाजूने झालेली असते, आणि तोवर अधिकाऱ्यापुढे सांगड घालण्यासाठी काहीच आलेले नसते. हा दावा मांडायचाच असेल तर सर्व कागद पोचल्याची पोच हाती असताना आणि त्यानंतरही विलंब झाला असेल तेव्हा मांडावा.

पोच मिळाल्यावर आइसगेटवर त्याच बिलाची नोंद दर काही दिवसांनी पाहत राहा. अधिकाऱ्याने सांगड नोंदवली की SB005 निघून जातो आणि पुढे बिल परताव्याच्या स्क्रोलमध्ये, म्हणजे पैसे द्यायच्या बिलांच्या यादीत, येते. हालचाल दिसली नाही तर स्मरणपत्र लिहावे. त्यात पुन्हा सगळी हकीकत नको. पहिल्या पत्राची तारीख, पोच क्रमांक, शिपिंग बिलाचा नंबर आणि "आणखी काही कागद हवे असल्यास कळवावे" एवढे पुरते, आणि पहिल्या पत्राची प्रत जोडावी. स्मरणपत्रालाही उत्तर न आल्यास त्याच कस्टम हाउसच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे किंवा केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. तिथे दोन्ही पत्रांच्या पोच जोडाव्यात.

कोड गेला तरी पैसे आले नाहीत, असेही होऊ शकते. निर्यातदार जोखमीच्या यादीत असेल तर परतावा पडताळणीसाठी रोखला जातो आणि तिथे SB005 च्या पत्राचा संबंध उरत नाही. ही पडताळणी जीएसटीच्या अधिकाऱ्यांकडून होते. त्यासाठी मागवलेली माहिती त्यांच्याकडेच द्यायची असते.

स्क्रोलमध्ये रक्कम आली की ती शिपिंग बिलावरच्या आयजीएसटीशी ताडून पाहा. २,२३,२०० च्या जागी कमी रक्कम आली असेल आणि फरक नोंदणीतल्या चुकीचा असेल, तर त्याच कस्टम हाउसकडे सुधारित परतावा विनंती करता येते. तिच्यासोबतही हाच सांगड तक्ता लागतो, म्हणून त्याची सही-शिक्क्याची प्रत बिलाच्या फाइलमध्येच राहू द्या.